कंबरेवर हात

परवा परभणीच्या बसस्टँडसमोर मी पाऊण तास स्कूटीची चावी शोधली. मग भावकीच्या ग्रुपवर लिहिलं, 'चावी कुणाच्या खिशात गेली का बघा, सकाळी सगळे सोबत होतो.' चावी स्कूटीलाच होती. तेही मीच कळवलं. प्रामाणिकपणाची खोड, दुसरं काय.

पुढच्या दहा मिनिटांत मला चिडवायला अकरा फोटो आले. त्यातले चार एकाच माणसाचे: कंबरेवर हात आणि चेहऱ्यावर 'ह्याच्यासाठी मी सुट्टी काढली होती का' असा भाव. मी ते हॉटेलात चहा पिता पिता बघत होतो. शेजारच्या बाकावरचे काका माझ्या मोबाइलमध्ये माझ्याआधी वाकले होते.

"हा कोण हाय?"

"पाकिस्तानचा प्रेक्षक आहे काका. क्रिकेटचा."

"पाकिस्तानचा? तुमच्या भावकीत?"

"तसं नाही. २०१९ च्या वर्ल्डकपला इंग्लंडमध्ये टाँटनला पाकिस्तान-ऑस्ट्रेलिया मॅच होती. पाकिस्तानच्या पोराच्या हातून झेल सुटला, तेव्हा हा असा उभा राहिला आणि कॅमेऱ्यात सापडला."

काकांनी बशीतला चहा तसाच ठेवला. "म्हंजी झेल त्या पोरानं सोडला."

"हो."

"मंग हा तुझ्यावर काऊन चिडायलाय?"

"माझ्यावर नाही. माझी चावी..."

"चावी त्याची व्हती?"

"माझीच होती."

"मंग त्याचं काय गेलं?" काकांना माझी कीव आली. "एवढ्या लांबचा माणूस, वळख ना पाळख, अन् तुझ्यापायी कंबरावर हात ठिवून उभा! ह्याला कुणी चहा तरी पाजला का?"

मी हसलो, पण काका बोलून गेले ते रात्रभर डोक्यात राहिलं. त्या माणसाचं माझ्यामुळं खरंच काही गेलेलं नव्हतं. त्याचा राग जुना, दुसऱ्याच्या नावचा, शेजाऱ्याकडून इस्त्री मागून आणावी तसा आणलेला. पाठवणाऱ्यानं त्यात स्वतःचं काहीच घातलं नव्हतं, आणि तोच चेहरा हजारोंच्या तोंडावर मारून झालेला; माझ्या वाट्याला त्यातला किती येणार? शिवाय तो फोटो फक्त त्या पाऊण तासाबद्दल बोलतो. झेल सुटला, एवढंच. खेळाडू जन्मापासूनच गचाळ आहे, असं काही तो म्हणत नाही. आणि उत्तर देता येतं. मीही रडणाऱ्या लेकराचा फोटो टाकला, चार जण हसले, हिशेब मिटला.

मिटला असता. पण अकरा फोटोंच्या खाली चुलतभावानं एक ओळ लिहिली: 'दादा, तुझं नेहमीचंच आहे.'

बघा. ना चित्र, ना शिवी. पण 'नेहमीचंच' या शब्दात चावी मावत नाही, माझी चाळीस वर्षं मावतात. लातूरच्या लग्नात विसरलेला आहेर, चुकलेली नांदेडची गाडी, सगळं. याला उत्तर काय देणार? 'नेहमीचं कसं?' विचारलं की भांडण. गप्प बसलं की कबुली. लेकराचा फोटो टाकला तर 'मनाला लावून घेतलं बघा'. शब्द त्यानं स्वतः जुळवले होते, माझ्यासाठी, बसून. याच भावानं माझे तीन हजार अजून दिलेले नाहीत, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. इथं लिहितोय.

फोटो बोचत नाही म्हणून मी निवांत होतो, तर दुसऱ्या दिवशी पुतण्यानं माझाच जुना फोटो शोधून काढला. लातूरच्या त्याच लग्नातला. पंगतीत, तोंड उघडं, हातात जिलेबी, डोळे मिटलेले. कडेनं बोट फिरवून मला मांडवातून कापलं आणि स्टिकर केलं. इथं मात्र कळ आली. तोंड माझं, जिलेबी माझी, राग परका म्हणायची सोय नाही. फोटो मी पुतण्याला डिलीट करायला लावला. पण स्टिकर एकदा कुणी जपून ठेवलं की धन्याच्या बापालाही काढता येत नाही.

आता ते हिंगोलीपर्यंत गेलंय. काल मेव्हण्यानं त्याच्या साहेबांच्या सुट्टीच्या मेसेजखाली माझं तोंड टाकलं. साहेबांनी हसून दाद दिली म्हणे. त्यांना का लागेल? तोंड त्यांचं थोडंच होतं.

आज सकाळी हॉटेलात काकांनी खिशातून मोबाइल काढला. त्यांच्या नातवानं पाठवलेलं स्टिकर माझ्यासमोर धरून डोळे बारीक केले.

"हा कोण हाय रे? कुठं तरी बघितल्यावानी वाटायलाय."