बीमखालचा पलंग आणि फॉरवर्डचा भार

"बीमखाली झोपल्यास बीमचा भार शरीरावर येतो, झोप लागत नाही. पलंग हलवा, जमत नसेल तर फॉल्स सीलिंगने बीम झाका. पाय दाराकडे नकोत. खिडकी उशाशी असेल तर रात्री घट्ट बंद ठेवा."

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला हा फॉरवर्ड वाचून मावशीने पीओपीवाल्याला मोजमापाला बोलावलंय, म्हणून लिहायला बसलो.

बीम स्लॅबचा भार दोन्ही टोकांच्या कॉलमवर नेऊन सोडतो. खाली झोपलेल्या माणसाच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही.

आता 'पलंग हलवा' करून बघा. १० बाय १२ फुटांची खोली, १२ फुटांच्या मधोमध ९ इंची बीम आडवा गेलेला. बीमच्या प्रत्येक बाजूला उरतात साधारण ५ फूट ७ इंच. डबलबेड ६ फूट रुंद, साडेसहा फूट लांब. कसाही फिरवा, थोडा तरी बीमखाली येणारच. त्यापेक्षा उशी १० फुटी भिंतीला लावा: दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट वाट राहते, बीम पायांवर येतो. झालं.

फॉल्स सीलिंगचा सल्ला तर घातकच. छत साडेनऊ फूट आणि बीम फूटभर खाली आला असेल, तर बीम झाकणारं सीलिंग सव्वाआठ फुटांवर येतं. त्याखाली फूटभर दांडीचा पंखा लावला की पाती सव्वासात फुटांवर. दीड फूट उंच पलंगावर चादर घालायला उभं राहणाऱ्याचं डोकं आणि पाती यांत मग अंतर उरतं का? दांडी आखूड केली तर पाती सीलिंगला चिकटतात आणि वारा लागत नाही.

खिडकीचं उलटंच आहे. डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी वसतिगृहात हे मोजलं, २०१६ साली निष्कर्ष छापून आले. खिडकी बंद असताना खोलीत कार्बन डायऑक्साइड सरासरी २५८५ पीपीएम, उघडी असताना ६६०. हवा खेळती असलेल्या रात्री झोप चांगली लागली आणि दुसऱ्या दिवशी तर्काच्या चाचणीतही मुलं सरस ठरली. उशाशी खिडकी असली की पहाटेचा उजेड आणि पावसाचे शिंतोडे तोंडावर येतात, हे मान्य. पण मग पलंगाची बाजू खिडकीकडे करा, खिडकी बंद कशाला?

दाराबद्दल एवढंच, की पॅसेजमधला दिवा थेट डोळ्यांवर येऊ नये. पाय कुठे आहेत याने काही बिघडत नाही.

बीमखालून पलंग हलवायचं खरं कारण फॉरवर्डमध्ये नाहीच. बीमच्या तळाला लांबीच्या दिशेने तडा गेलाय, तपकिरी गंजाचे ओघळ आहेत किंवा काठीने ठोकल्यावर पोकळ आवाज येतोय, तर आतली सळई गंजून फुगली आहे आणि तिच्यावरचा काँक्रीटचा थर सुटून खाली पडू शकतो. तेव्हा पलंग त्याच दिवशी बाजूला घ्या आणि पीओपीवाल्याऐवजी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. सीलिंगने झाकलात तर तडा वाढलेला कुणाला दिसणारही नाही.