मंगळवारचे रोहतांग आणि सहलीचा परतावा

"टूर कंपनीच्या फॉर्मवर सही केली की विषय संपला. हॉटेल बदलणे, ठिकाण रद्द करणे हा कंपनीचा हक्क असतो, अटींमध्ये तसे छापलेलेच असते. पाऊस, दरड, रस्ता बंद अशा कारणाने काही रद्द झाले तर एक रुपयाही परत मिळत नाही. शिवाय सहल पूर्ण करून आलात म्हणजे तुम्ही ती मान्य केलीत. तक्रार होती तर तिथूनच परत यायचे होते. केस करायची तर कंपनीच्या गावी, वकिलाची फी परताव्याहून जास्त. देतील ते कूपन घ्या आणि गप्प बसा. सर्व ज्येष्ठांना पाठवा."

हा मजकूर सोलापुरातल्या अनेक व्हॉट्सअॅप गटांवर फिरत आहे. तो जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या अक्कांच्या मोबाइलवर पोहोचला, तेव्हा त्यांनी कंपनीला लिहिलेले तक्रारपत्र टपालात टाकायचे बाकी होते. मजकूर वाचून त्यांनी ते पत्र घडी घालून कपाटात ठेवले आणि मला म्हणाल्या, "जाऊ दे रे, आपण सही केली होती." म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

अक्का आणि भाऊजी मे महिन्यात सिमला-मनालीला गेले होते. दोघांचे मिळून 69,000 रुपये त्यांनी आगाऊ भरले होते. कार्यक्रमपत्रिकेत मनालीच्या तीन रात्रींसाठी मॉल रोडजवळच्या एका तीन तारांकित हॉटेलचे नाव छापलेले होते आणि एका दिवसापुढे ठळक अक्षरांत 'रोहतांग पास' असे लिहिले होते. प्रत्यक्षात त्यांना मनालीच्या सुमारे नऊ किलोमीटर अलीकडे, कुल्लूच्या रस्त्यावरच्या एका लॉजमध्ये उतरवले. तिथे लिफ्ट नव्हती, खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि गरम पाणी सकाळी तासभर बादलीने मिळत होते. भाऊजींचे गुडघे दुखतात, त्यामुळे ते दोन वेळा जेवायला खाली उतरलेच नाहीत. रोहतांगच्या दिवशी सकाळी टूर मॅनेजरने "वरचा रस्ता बंद आहे, निसर्गापुढे इलाज नाही" असे सांगितले आणि सगळ्यांना शालींच्या दुकानांत फिरवून आणले.

त्या दिवसाकडे नीट पाहा, कारण फॉरवर्डमधला सर्वांत घातक मुद्दा तिथेच उघडा पडतो. तो मंगळवार होता. मनालीहून रोहतांगला जाणारा रस्ता दर मंगळवारी देखभालीसाठी पर्यटकांच्या वाहनांना बंद असतो. इतर दिवशीही परवाना काढावा लागतो आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशांनंतर दिवसाला 1,200 वाहनांची मर्यादा घातली गेली, त्यात पेट्रोलची 800 आणि डिझेलची 400. मनालीत टॅक्सी चालवणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते आणि तिथे वर्षानुवर्षे सहली नेणाऱ्या कंपनीला तर ते ठाऊक असलेच पाहिजे. पत्रिका छापतानाच जो दिवस बंद होता, तो दिवस दाखवून पैसे घेतले आणि नंतर निसर्गाचे नाव पुढे केले. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(11) मध्ये 'सेवेतील त्रुटी'ची जी व्याख्या आहे, तिच्यात कराराने कबूल केलेल्या सेवेच्या दर्जात किंवा स्वरूपात राहिलेली कोणतीही उणीव येते आणि ग्राहकापासून महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणे हेही त्याच व्याख्येत स्पष्ट लिहिलेले आहे. मंगळवारची गोष्ट माहीत असून सांगितली नाही, तर ती याच वाक्यात बसते.

खरोखरच दरड कोसळली असती तर काय झाले असते, हा प्रश्न रास्त आहे आणि इथे फॉरवर्डमधले अर्धे सत्य मला मान्य करावे लागते. अशा वेळी कंपनीचा दोष नसतो, त्यामुळे मनस्तापाची भरपाई बहुधा मिळणार नाही. परंतु दोष नसणे ही एक गोष्ट आहे आणि न केलेल्या खर्चाचे पैसे खिशात ठेवणे ही दुसरी. गाडी वर गेलीच नाही, परवाना काढलाच नाही, तर त्या रकमेवर कंपनीचा हक्क कशाच्या आधारावर उरतो? कराराची अंमलबजावणी अशक्य होऊन तो निरर्थक ठरला तर त्यापोटी घेतलेला लाभ परत करावा, हे तत्त्व 1872 च्या भारतीय करार कायद्यातही कलम 65 मध्ये आहे. कंपनी म्हणू शकते की तिने तिथल्या गाडीवाल्याला किंवा हॉटेलला आधीच पैसे दिले होते आणि ते परत मिळाले नाहीत. तसे असेल तर तिने ते बिल दाखवावे, म्हणजे तेवढी रक्कम वगळता येईल. बिल न दाखवता नुसते 'नैसर्गिक कारण' म्हणणे पुरेसे नाही.

आता सहीविषयी. अक्कांच्या फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'नमूद केलेले किंवा समकक्ष हॉटेल' असे लिहिले आहे आणि ही अट योग्य आहे, हेही मी मान्य करतो. हंगामात हॉटेले बदलावी लागतात. पण या अटीतला महत्त्वाचा शब्द 'समकक्ष' हा आहे. दर्जा, जागा, जेवण आणि सोयी या चारही बाबतींत तुलना करून पाहिली, तर गावापासून नऊ किलोमीटरवरचा, लिफ्ट नसलेला लॉज मॉल रोडच्या तीन तारांकित हॉटेलाशी समकक्ष ठरत नाही. म्हणजे कंपनीने स्वतःच लिहिलेली अट स्वतःच मोडली आहे. आणि ज्या अटी सरळसरळ एकतर्फी आहेत, उदाहरणार्थ 'कोणत्याही कारणाने काहीही बदलू आणि परतावा देणार नाही', त्यांच्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2 एप्रिल 2019 रोजी पायोनियर अर्बन लँड प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यावाचून ज्याला पर्यायच नव्हता, अशा ग्राहकावर बिल्डरने एकट्याने रचलेली एकतर्फी कलमे अंतिम म्हणून लादता येणार नाहीत आणि अशी कलमे करारात घालणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ते प्रकरण सदनिकेचे होते, सहलीचे नव्हे. पण छापील फॉर्मवर सही घेण्याची रीत दोन्हीकडे एकच असल्याने ते तत्त्व सहलीच्या तक्रारीतही मांडता येते.

सहल पूर्ण केली म्हणून हक्क गेला, हे विधान वाचून मला खरोखर संताप आला. सत्तरीच्या जवळ आलेल्या दोन माणसांनी मनालीहून स्वतःची तिकिटे काढून सोलापूरला परत यावे, तरच त्यांची तक्रार खरी, असे कोणता कायदा म्हणतो? कोणताही नाही. निकृष्ट सेवा नाइलाजाने वापरली म्हणजे ती मान्य केली असे होत नाही. मात्र एक धोका खरा आहे. शेवटच्या रात्री जेवताना टूर मॅनेजर अभिप्रायाचा कागद भरून घेतो. अक्कांनी त्यावर 'उत्तम'पुढे खूण केली, कारण "तो पोरगा बिचारा चांगला होता, त्याची नोकरी जाईल." पुढे तक्रार झाली की कंपनी पहिल्यांदा तोच कागद पुढे करते. त्याने हक्क बुडत नाही, पण पुरावा पातळ होतो. सुदैवाने मनालीला पोहोचल्याच्या रात्री अक्कांनी आपल्या फोनवरून कंपनीच्या क्रमांकावर लॉजच्या पाटीचा आणि जिन्याचा फोटो पाठवून "हे ठरलेले हॉटेल नाही" एवढेच लिहिले होते. त्याच रात्रीचा तो एक संदेश त्या खुणेपेक्षा कितीतरी वजनदार आहे.

गावाचा आणि वकिलाचा मुद्दा थोडक्यात संपतो. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे कंपनी पुण्याची असली तरी अक्कांची तक्रार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालेल. फॉर्मवर 'वाद पुणे न्यायालयाच्या अधिकारकक्षेत' असे छापलेले असले तरी हा हक्क कायद्याने दिलेला आहे. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य आहे. वकील सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. निकालाला कायद्यात लिहिलेल्या तीन महिन्यांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, हे मात्र खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच आधी लेखी मागणी करायची असते, आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर अनेकदा कंपनी तिथेच बोलायला तयार होते. अक्कांनी पैसे सोलापुरातल्या एका एजंटाकडे भरले होते, पण पावती पुण्याच्या कंपनीच्या नावाची होती; अशा वेळी पत्र दोघांनाही पाठवावे, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

किती मागायचे, यावर त्या फॉरवर्डमध्ये एक अक्षरही नाही, आणि बहुतेक लोक चुकतात तेही इथेच. काही जण 69,000 ला दिवसांनी भागून 'एका दिवसाचे पैसे द्या' म्हणतात. पण त्या रकमेत रेल्वे, बस, जेवण, मॅनेजर सगळेच आहे, त्यामुळे तो आकडा टिकत नाही. जे मिळाले नाही त्याची किंमत मोजावी. ठरलेल्या हॉटेलच्या दोघांच्या खोलीचा त्याच तारखांचा दर दोन जेवणांसह 4,800 रुपये होता आणि लॉजचा 2,300. फरक 2,500, तीन रात्रींचे 7,500. रोहतांगची किंमत तर कंपनीनेच सांगितलेली होती, कारण तिच्या दुसऱ्या, स्वस्त सहलीच्या पत्रकात 'रोहतांग हवे असल्यास माणशी 2,200 जादा' असे छापलेले आहे, दोघांचे 4,400. लॉज दूर असल्यामुळे मॉल रोडला जाण्यायेण्यासाठी तीन संध्याकाळी टॅक्सीला 600 प्रमाणे 1,800 गेले. एकूण 13,700 रुपये. मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च हे वेगळ्या ओळीत मागावेत, त्यात मिसळू नयेत, कारण वरचा आकडा कागदावर सिद्ध होतो आणि मनस्तापाचा आकडा आयोगाच्या विवेकावर असतो.

कंपनीने देऊ केले होते ते पुढच्या सहलीसाठी माणशी 1,000 रुपयांचे कूपन. त्यासोबतच्या कागदावर 'याबाबत माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही' असे वाक्य होते. सगळ्या प्रकरणात खरोखर सही करू नये असा कागद तो एकच होता आणि फॉरवर्ड नेमका तोच घ्यायला सांगतो.

पत्र मी कपाटातून काढायला लावले. त्यात वरचा हिशेब, तारखा, दोन फोटो आणि पत्रिकेची झेरॉक्स जोडली, तीस दिवसांची मुदत लिहिली आणि अक्कांनी ते सात रस्त्याच्या पोस्टातून दोन्ही पत्त्यांवर स्पीड पोस्टाने पाठवले. पंधराव्या दिवशी कंपनीतून फोन आला, पाच हजार देतो म्हणाले. अक्कांनी त्यांना सांगितले की आकडा कसा काढला ते लेखी कळवा, म्हणजे मी माझ्या हिशेबाशी ताडून पाहीन.