७३ पोळ्या खा आणि बी-१२ मिळवा!!

काल रात्री अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अगदी शांतपणे जाहीर केलं की मी बी-१२ची गोळी तीन आठवड्यांपूर्वीच बंद केलीये. का? तर "आता पिठातच आहे ना, पाकिटावर लिहिलंय." आणि इकडे मी विचार करतेय की हातापायाला मुंग्या परत कशा सुरू झाल्या, चप्पल बदल, गादी बदल, सगळं करून झालं!

मग गेले किचनमध्ये आणि काढलं ते पाकीट. पुढे बी-१२ हे अक्षर एवढं मोठं की समोरच्या बिल्डिंगमधून वाचता येईल, बाजूला तो निळा F आणि त्याला चिकटलेला अधिक, म्हणजे फोर्टिफाइड, पोषक घटक वरून घातल्याची खूण. (पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलेलं F म्हणजे फ्री, चमचा वगैरे असेल आत.) आणि आकडा कुठे? मागे, शिवणीच्या घडीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. मोबाईलचा टॉर्च लावून वाचला. १०० ग्रॅममागे ०.१ मायक्रोग्राम.

आता बसले कॅल्क्युलेटर घेऊन. मोठ्या माणसाला दिवसाला २.२ मायक्रोग्राम लागतं. म्हणजे या पिठातूनच भागवायचं तर २ किलो २०० ग्रॅम पीठ. आमच्याकडे एका पोळीला साधारण ३० ग्रॅम जातं. म्हणजे ७३ पोळ्या. रोज. अण्णा खातात सहा. आणि लाटायच्या कोणी, सांगा बरं??

बरं, कंपनी खोटं बोलतेय का, तर नाही, हाच तर संताप आहे! २०१८च्या सरकारी नियमात पिठावर हा F लावायचा तर किलोमागे ०.७५ ते १.२५ मायक्रोग्राम बी-१२ घालायचं असंच आहे, आणि यांचं किलोला एक, म्हणजे त्यात बसतंय. सगळ्यांच्या ताटात थोडं थोडं पडावं, हा हिशोब. कमतरता भरून काढायला हे नाहीच. पण "थोडंसं" हा शब्द पाकिटावर कुठे छापलाय दाखवा. गोळीत १५०० मायक्रोग्राम असतं हो, त्यातलं बरंचसं अंगी लागत नाही हे मान्य, पण तरी.

लोहाचं त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. किलोला २८ ते ४२.५ मिलिग्राम, म्हणजे सहा पोळ्यांत कमीत कमी पाच मिलिग्राम वरून घातलेलं. गव्हात स्वतःचं असतं ते वेगळं. पण आमच्याकडे काय, सकाळ झाली की चहा-पोळी! चहा लोह शोषूच देत नाही नीट. हे मी सहा वर्षं सांगतेय. सहा वर्षं. मी सून आहे, मला काय कळतं.

आणि ते दुसरं पाकीट, ज्याच्यावर F नाहीच, नुसतं "जीवनसत्त्वांनी भरपूर" आणि गव्हाच्या ओंब्या. ते काही वरून घालतच नाहीत, गव्हात मुळात जे असतं त्याचीच जाहिरात! तसंच तेलावर "कोलेस्टेरॉल नाही". अहो, शेंगदाण्याला कधी होतं?? आणि मीठवाले आयोडीनची फुशारकी मारतात, जेवणातलं मीठ आयोडीनशिवाय विकायला बंदीच आहे २००६पासून, कायदा पाळला म्हणून टाळ्या हव्यात का? मिठावरचा F वेगळा, त्यात आयोडीनबरोबर लोहही घातलेलं असतं, पण ते सांगायला कोणी नाही.

संध्याकाळी दुकानदारावर पण ओरडून आले. तो बिचारा म्हणाला, "वहिनी, तुम्हीच तर म्हणालात त्या दिवशी, तो निळ्या F वाला द्या, अण्णांसाठी."

...हो. मीच म्हणाले होते. गिरणीतलं ताजं पीठ सोडून मीच हे घरात आणलं, आणि जेवताना मीच सांगितलं होतं, "अण्णा, यात बी-१२ पण आहे हां." वर काल हे सगळं हिशोब मांडेपर्यंत तव्यावरची पोळी जळून कोळसा झाली ती वेगळीच. तिच्यातलं बी-१२ कुठल्या खात्यात लिहायचं?

असो. गोळी सुरू झाली परत, समोर बसवून दिली. अण्णांनी निमूट घेतली, पाणी प्यायले, आणि तेलाच्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाले, "यात डी आहे ना? मग ती रविवारची पुडी..."

पुडीत ६० हजार युनिट. पाच चमचे तेलात कमीत कमी शंभर, तेही पिशवी खिडकीत उन्हात ठेवलेली, त्यात डीबरोबर घातलेलं ए किती उरलंय देव जाणे. आणि रोज लागतात सहाशे. थांबा, कॅल्क्युलेटर कुठे ठेवला मी.