नाडी उशिरा सांगते
"नाडी १४५ ला पोचली की चाला, १२० वर आली की पुन्हा धावा."

आलटून पालटून धावण्या-चालण्याच्या सरावाचा हा नियम पहिल्या किलोमीटर-दोन किलोमीटरला चालतो, पुढे फसतो. नाडी पायांच्या मागून येते, आणि मनगटावरचं घड्याळ त्यात आपला उशीर मिसळतं. आमची वहिनी मिरामार ते दोना पावला रस्त्यावर सराव करते. तिची मर्यादाही १४५ च. पण १४५ दिसल्यावर चालायला लागायची तोवर आकडा १५२ वर गेलेला असायचा. आता ती १४० लाच धावणं सोडते आणि नाडी १४५ च्या आसपास थांबते.

खरा घोळ त्या १२० चा. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं आणि त्याच वेगाला नाडी वर सरकत जाते. तिसऱ्या किलोमीटरनंतर १२० ची वाट बघाल तर चालतच राहाल. म्हणून चालण्याला वेळेची हद्द घाला: ९० सेकंद झाले की १२८ असली तरी धावा, फक्त गप्पा मारता येतील इतक्या हळू. मिनिटभरात परत १४० दिसलं तर वेग अजूनही जास्त आहे, तो उतरवा.

आणि हो, दम लागलेला नसताना आकडा एकदम १६५ वर जाऊन तिथेच चिकटला, तर घड्याळ बहुतेक नाडीऐवजी पावलं मोजतंय. पट्टा मनगटाच्या हाडाच्या जरा वर, घट्ट बांधून बघा.