टाकलंय, फक्त दिसत नाहीये

लोक उत्सुकतेपोटी दुसऱ्याच्या इन्स्टाग्रामवर डोकावतात. मी पगारासाठी डोकावते, आणि तेही अलार्म लावून. ब्रँडकडून पैसे घेऊन इन्फ्लुएन्सरने ठरलेली पोस्ट ठरल्या वेळी टाकली की नाही, हे बघणं हे माझं काम. थोडक्यात, वसुलीचंच खातं, फक्त पैसे आधीच देऊन झालेले असतात.

समजा, मोदकाच्या साच्यांचा ब्रँड आहे. 2025 ची गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला. करार असा, की रविवारी 24 तारखेला संध्याकाळी 7 वाजता रील, दुसऱ्या दिवशी दुपारी 12 वाजता लिंक लावलेली स्टोरी, आणि रील 30 दिवस प्रोफाइलवर राहिली पाहिजे. साचे चतुर्थीच्या आधी विकले जातात. नंतर ते फक्त भांड्यांच्या कपाटात जागा अडवतात. म्हणून उशीर चालत नाही.

पहिला अलार्म सव्वासातचा. पंधरा मिनिटांची सवलत देते, कारण कधीकधी अपलोड होता होता ॲप बंद केलं जातं आणि रील तिथेच लटकते. टाकणाऱ्याला वाटतं, झालं. मग फोन केला की उत्तर ठरलेलं: “ताई, टाकलंय ना! तुमच्याकडे नेट स्लो असेल.” पुराव्यादाखल स्क्रीनशॉट येतो, तो त्यांच्याच फोनवरच्या ड्राफ्टचा. ड्राफ्टमधल्या रीलला प्रेक्षक एकच, तोही बनवणारा. म्हणून मी स्क्रीनशॉट मानत नाही, लिंक मागते, आणि ती ब्रँडच्या नव्हे, वेगळ्याच साध्या खात्यावरून उघडते.

हे दुसरं खातं स्टोरीसाठी तर हवंच. स्टोरी ‘क्लोज फ्रेंड्स’ला टाकली आणि त्या यादीत ब्रँडचं खातं असलं, तर ब्रँडला ती व्यवस्थित दिसते. हिरव्या वर्तुळाकडे लक्ष गेलं नाही, तर आपण खूश आणि बाकी जग अनभिज्ञ. शिवाय स्टोरी 24 तासांत उडते, त्यामुळे ‘उद्या निवांत बघू’ हे वाक्य या धंद्यात चालत नाही. मी दोनदा बघते. एकदा सव्वाबाराला, तेव्हा लिंकवर बोट दाबून ती साच्यांच्याच पानावर जाते ना, हेही पाहते. दुसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी सकाळी 11 वाजता, कारण काही जण तासाभरात स्टोरी काढून टाकतात. दोन्ही वेळा स्क्रीन रेकॉर्डिंग करते आणि घड्याळ चौकटीत येऊ देते.

आता खरी गंमत वेळेची. सोमवारी सकाळी रील दिसते, खाली नुसतं ‘9 तासांपूर्वी’. म्हणजे रविवारी की सोमवारी? संगणकावर पोस्ट उघडून त्या वेळेवर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ केलं, की आत `datetime` सापडतो:

```
2025-08-24T18:52:10.000Z
```

तारीख 24, म्हणजे उशीर झाला तरी दिवस तरी चुकला नाही, असं वाटून कुणीही सुटकेचा नि:श्वास टाकेल. पण शेवटचा तो `Z` आहे ना, तो ग्रिनिचच्या वेळेचा. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. शीटमध्ये B2 मध्ये हे चिकटवून शेजारी असं लिहायचं आणि त्या रकान्याला तारीख-वेळेचं रूप द्यायचं:

```
=DATEVALUE(LEFT(B2,10))+TIMEVALUE(MID(B2,12,8))+TIME(5,30,0)
```

उत्तर येतं 25 ऑगस्ट, रात्री 12 वाजून 22 मिनिटं. रील सव्वापाच तासांहून जास्त उशिरा, आणि तेव्हा साचे घेणाऱ्या काकू झोपलेल्या. “रविवारीच टाकलं” या वाक्यातला रविवार ग्रिनिचचा होता, एवढंच.

वेळेशेजारी ‘Edited’ दिसलं तर कॅप्शन पुन्हा वाचते. बऱ्याचदा गायब झालेली असते ती जाहिरात असल्याची कबुली. जाहिरात मानक परिषदेच्या (ॲस्की) 2021 च्या नियमांप्रमाणे ती सहज दिसेल अशी हवी. हॅशटॅगच्या गर्दीत बारावी उभी राहिलेली चालत नाही. त्यामुळे कॅप्शन ‘more’ न दाबता वाचायची. जे दिसत नाही, ते नाहीच असं धरायचं.

शेवटचा अलार्म तिसाव्या दिवसाचा. रील उशिरा आली म्हणून मुदतही पुढे सरकते, म्हणजे 24 सप्टेंबर. तोवर नवरात्र सुरू झालेलं असतं, प्रोफाइलवर रोज एका रंगाची साडी, आणि त्या रांगेत पांढराफटक मोदक डोळ्यांत खुपतो. मग तो हळूच अर्काइव्हमध्ये जातो. अर्काइव्ह केलेली पोस्ट तशीच्या तशी परत आणता येते, म्हणून मी भांडत नाही. जुनी लिंक उघडत नाही याचं रेकॉर्डिंग पाठवते आणि कराराची ओळ जोडते.

उत्तर दहा मिनिटांत येतं: “ताई, मोदक ठेवते परत, पण लाल आणि निळ्या साडीच्या मधे चालेल ना?”