किडनीच्या रुग्णाला कॉन्ट्रास्ट: ‘कधीच नको’ म्हणण्याआधी औषधाचं नाव विचारा

“किडनी कमजोर असेल तर एमआरआयचं इंजेक्शन कधीच घेऊ नका. त्यातलं गॅडोलिनियम विष आहे, त्याने कातडी लाकडासारखी कडक होते आणि माणूस जागेवर बसतो. सीटीचं इंजेक्शन तर किडनी तिथल्या तिथे बंद पाडतं. कोणी आधीच दिलं असेल तर त्याच रात्री डायलिसिस करून ते काढून टाकायला सांगा.”

हा मजकूर गेल्या काही महिन्यांत रुग्णांच्या नातेवाइकांनी मला बऱ्याचदा दाखवला. मी रेडिओलॉजिस्ट आहे, ही इंजेक्शनं, म्हणजे तपासणीच्या चित्रात फरक उठून दिसावा म्हणून दिली जाणारी कॉन्ट्रास्ट औषधं, देण्याचा निर्णय रोज घेते. या चार वाक्यांपैकी एकाच्या मुळाशी खरी आणि भयानक गोष्ट आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

कातडी कडक होण्याचा आजार खरा आहे. त्याचं नाव नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस, आम्ही त्याला एनएसएफ म्हणतो. पहिले रुग्ण 1997 मध्ये कॅलिफोर्नियात दिसले, ते सगळे मूत्रपिंड निकामी झालेले होते. पाय आणि हात सुजायचे, मग त्वचा जाड, चकचकीत आणि घट्ट व्हायची, इतकी की चिमटीत धरता येत नसे. गुडघे, घोटे, बोटं वाकलेल्या स्थितीत आखडायची. काहींच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळे ठिपके यायचे. काही रुग्णांत फुफ्फुस, हृदय आणि स्नायूंपर्यंत तंतूंचं जाळं पसरलं आणि काही दगावले. कारण मात्र कळत नव्हतं. ते 2006 मध्ये ऑस्ट्रिया आणि डेन्मार्कमधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं: या रुग्णांना आजाराआधी काही दिवस ते काही महिने एमआरआयसाठी गॅडोलिनियमचं औषध दिलेलं होतं.

यातली वेदनादायक बाब अशी की त्या काळात किडनीच्या रुग्णांना मुद्दाम गॅडोलिनियमकडे वळवलं जात असे. सीटीच्या इंजेक्शनमधल्या आयोडीनची भीती होती आणि गॅडोलिनियम किडनीला सोयीचं समजलं जाई. रक्तवाहिन्यांच्या एमआरआयसाठी तर नेहमीच्या दोन-तीन पट डोसही दिला जायचा. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त धोका होता, त्यांनाच सर्वांत मोठा डोस मिळत होता.

इथवर मी त्या मजकुराच्या बाजूने आहे. पुढे तो गॅडोलिनियम हे एकच औषध धरून चालतो आणि तिथे चुकतो.

गॅडोलिनियमचा सुटा आयन विषारीच आहे. आकाराने तो कॅल्शियमच्या जवळ जातो, त्यामुळे कॅल्शियमच्या कामात लुडबुड करतो. म्हणून तो कधीच सुटा दिला जात नाही, एका सेंद्रिय रेणूच्या पकडीत बांधून दिला जातो. ही पकड दोन प्रकारची असते. एका प्रकारात रेणू उघड्या दोरीसारखा आयनाभोवती गुंडाळलेला असतो, त्याला रेषीय म्हणतात. दुसऱ्यात तो बंद पिंजऱ्यासारखा असतो, त्याला मॅक्रोसायक्लिक म्हणतात. दोरीचं एक टोक सुटलं की बाकीची हळूहळू उलगडते. पिंजऱ्यातून बाहेर पडायचं तर एकाच वेळी अनेक बंध तुटावे लागतात.

निरोगी मूत्रपिंड हे औषध इतक्या वेगाने बाहेर टाकतं की दीड-दोन तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. दोरी सुटायला वेळच मिळत नाही. मूत्रपिंड निकामी असेल तर निम्म्यावर यायला तीस तासांहून जास्त लागू शकतात. तेवढ्या वेळात रक्तातले जस्त आणि इतर धातू दोरीवर हक्क सांगतात, गॅडोलिनियम सुटतं, फॉस्फेटला चिकटून ऊतींमध्ये साचतं आणि तंतू बनवणाऱ्या पेशींना जागं करतं. किडनीच्या रुग्णात फॉस्फेट आधीच वाढलेलं असतं. म्हणजे हा आजार व्हायला दोन गोष्टी एकत्र लागतात: सैल पकडीचं औषध आणि ते बाहेर न टाकणारं मूत्रपिंड.

म्हणूनच रुग्णाने विचारायचा प्रश्न ‘गॅडोलिनियम आहे का’ हा नाही, ‘कोणतं आहे’ हा आहे. एनएसएफच्या बहुतेक नोंदी तीन नावांभोवती आहेत: गॅडोडायामाइड, गॅडोपेन्टेटेट आणि गॅडोव्हर्सेटामाइड. तिन्ही रेषीय आहेत. युरोपच्या औषध नियामकाने 2017 मध्ये शिरेतून देण्यासाठी ही तिन्ही थांबवली. दुसऱ्या बाजूला गॅडोब्यूट्रॉल, गॅडोटेरेट आणि गॅडोटेरिडॉल ही पिंजऱ्याची औषधं आहेत. गॅडोबेनेट रेषीय असूनही अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेने ते कमी धोक्याच्या, म्हणजे दुसऱ्या गटात ठेवलं आहे, कारण त्याची पकड त्या तिघांपेक्षा घट्ट आहे. नाव बाटलीच्या लेबलवर लिहिलेलंच असतं, ब्रँडच्या मोठ्या अक्षरांखाली.

या दुसऱ्या गटाचा प्रत्यक्ष अनुभव काय? किडनीच्या आजाराच्या चौथ्या आणि पाचव्या टप्प्यातल्या, म्हणजे ईजीएफआर हा किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाजी आकडा 30 च्या खाली गेलेल्या 4931 रुग्णांची माहिती एकत्र करणारं एक विश्लेषण 2020 च्या सुमारास आलं. एनएसएफ झालेले रुग्ण: शून्य. शून्य आढळलं म्हणजे धोका शून्य असा अर्थ मी लावत नाही. आकडेशास्त्राच्या हिशेबाने वरची मर्यादा दहा हजारांत सात इतकी निघते, खरा धोका त्याहून कमी असण्याची शक्यता जास्त. जुन्या रेषीय औषधांत हाच धोका निकामी मूत्रपिंडाच्या रुग्णांत शंभरात एक ते सात इतका मोजला गेला होता. या दोन गोष्टींना एकच नाव देऊन घाबरवणं चूक आहे.

या चुकीची किंमत काय असते ते एका रुग्णावरून सांगते. वय 61, वजन 60 किलो, जुना मधुमेह, किडनी कमी काम करू लागली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन 3.4, म्हणजे ईजीएफआर साधारण 20. डायलिसिस चालू नव्हतं. पाच दिवस ताप आणि कंबरदुखी, आणि आज सकाळपासून पायांना मुंग्या. साध्या एमआरआयमध्ये कमरेच्या एका चकतीत संसर्ग दिसत होता आणि तिच्या मागे, मज्जारज्जूच्या नलिकेत काहीतरी दाटलेलं होतं. ती नुसती सुजलेली ऊती असेल तर प्रतिजैविकं देऊन थांबता येतं. पू असेल तर तो लगेच काढायला हवा, नाहीतर पाय कायमचे जाऊ शकतात. इंजेक्शनशिवाय हा फरक खात्रीने सांगता येत नव्हता.

मुलाने मोबाईल पुढे केला. “मॅडम, हे वाचा. बाबांना ते इंजेक्शन नको.” मी मुलाला खोलीत नेऊन बाटली हातात दिली. गॅडोब्यूट्रॉल होतं. डोस किलोमागे 0.1 मिलिलिटर, म्हणजे सगळं मिळून 6 मिलिलिटर. चमचाभर औषध. “आज नाही दिलं तर काय होईल?” त्याने विचारलं. मी सांगितलं, की मग सर्जनना अंदाजाने ठरवावं लागेल, आणि अंदाज चुकला तर पाय परत येणार नाहीत. त्याने संमती दिली. नव्या चित्रांत त्या दाट भागाची कड उजळली आणि मधला भाग काळाच राहिला. पू होता. संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली.

आता सीटीच्या आयोडीनबद्दल. ही भीती जुन्या, खूप जास्त ऑस्मोटिक दाबाच्या औषधांच्या काळातली आहे, आणि तेव्हा तिला आधार होता. पण नंतरही ती टिकली ती मोजणीतल्या एका चुकीमुळे. सीटीनंतर क्रिएटिनिन वाढलं की दोष इंजेक्शनला दिला जाई. पण इमर्जन्सीत सीटी होतो तो मुळात आजारी माणसाचा. रक्तदाब पडलेला, अंगात संसर्ग, वर किडनीला त्रास देणारी प्रतिजैविकं. तितक्याच आजारी पण इंजेक्शनशिवाय सीटी झालेल्या रुग्णांशी तुलना केली, तेव्हा त्यांचंही क्रिएटिनिन बऱ्याचदा तितकंच वाढलेलं दिसलं. म्हणून आता ‘इंजेक्शनमुळे’ आणि ‘इंजेक्शननंतर’ अशी दोन वेगळी नावं वापरली जातात.

ईजीएफआर 45 किंवा त्याहून जास्त असेल तर शिरेतून दिलेल्या आयोडीनचा किडनीला धोका जवळपास नाही. 30 ते 44 मध्ये तो असला तर शंभरात दोनपर्यंत. 30 च्या खाली मात्र अभ्यासांचे आकडे पसरलेले आहेत, शून्यापासून सतरा टक्क्यांपर्यंत. तिथे मी खरोखर सावध असते. तपासणीची गरज पुन्हा तपासते आणि दिल्यावर दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन बघायला सांगते. हृदयाला झेपत असेल तर आधी आणि नंतर शिरेतून साधं सलाइन द्यायला सांगते. एन-ॲसिटिलसिस्टीनच्या गोळ्या आणि बायकार्बोनेटचं सलाइन यांनी जास्तीचा फायदा होत नाही, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर 30 च्या खाली ते थांबवून 48 तासांनी किडनीची स्थिती पाहूनच पुन्हा सुरू करायचं. हृदयाच्या अँजिओग्राफीचा हिशेब थोडा वेगळा असतो, कारण तिथे औषध धमनीतून जातं. तो निर्णय कार्डिओलॉजिस्टबरोबर बसून घ्यावा.

एक गोष्ट इथे आवर्जून सांगायची आहे. ईजीएफआरचा आकडा क्रिएटिनिन स्थिर असेल तेव्हाच खरा असतो. काल 1.2 आणि आज 2.6 असेल तर सूत्रातून निघालेला आकडा प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसतो. अशा रुग्णाला मी 30 च्या खालचा समजूनच दोन्ही औषधांचा विचार करते.

राहिलं ते रात्रीचं डायलिसिस. आमच्या रुग्णाच्या मुलानेही शस्त्रक्रियेनंतर ते मागितलं. डायलिसिस गॅडोलिनियम बाहेर काढतं हे खरं, तीन सत्रांत जवळजवळ सगळं निघतं. त्यामुळे ज्यांचं हिमोडायलिसिस आधीपासून चालू आहे, त्यांचा एमआरआय आम्ही पुढच्या ठरलेल्या सत्राच्या थोडा आधी ठेवतो. पण ज्यांचं चालू नाही, त्यांच्या मानेच्या मोठ्या शिरेत फक्त यासाठी नळी घालायची, तर रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग हे दोन धोके लगेच अंगावर येतात, आणि टाळायचा काय, तर दहा हजारांत सातहूनही कमी असलेला धोका. त्याने एनएसएफ टळतो असंही सिद्ध झालेलं नाही. आयोडीननंतरही तातडीच्या डायलिसिसने किडनी वाचत नाही. पाठीच्या कण्यात पू झालेल्या आणि रक्तात जंतू असण्याची शक्यता असलेल्या माणसाच्या शिरेत आणखी एक नळी घालायला आमच्या नेफ्रोलॉजिस्टनी नकार दिला, आणि मला तो पूर्ण पटला.

तिसऱ्या दिवशी त्यांचं क्रिएटिनिन 3.5 होतं. मुलाला आम्ही एक कागद दिला: औषधाचं नाव, डोस, तारीख, आणि पुढच्या तीन महिन्यांत पायाची त्वचा घट्ट वाटली, सूज आली किंवा सांधा आखडला तर लगेच यायची सूचना. शंका आल्यास त्वचेचा खोलवरचा तुकडा तपासावा लागतो, वरवर खरवडून चालत नाही, हेही त्यावर लिहिलं. तीन महिन्यांनी ते तपासायला आले तेव्हा मी पोटरीची त्वचा चिमटीत धरून पाहिली. मऊ होती, सहज उचलली गेली. चालत आले होते, काठी टेकत.