‘महाजन आयोगाने २६४ गावे महाराष्ट्राला दिली’: आकडा बरोबर, तरी शेरा ‘दिशाभूल’ का?

“महाजन आयोगाने निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला दिली आहेत. निकाल लागून पन्नास वर्षे उलटली तरी कर्नाटक अंमलबजावणी करत नाही. महाजन अहवाल लागू करा, एवढीच आपली मागणी असली पाहिजे. प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोहोचवा.”

१ नोव्हेंबर जवळ आला, सीमाभागातल्या मराठी लोकांच्या काळ्या दिनाची तयारी सुरू झाली, की बेळगाव-खानापूरच्या ग्रुपांवर असा मजकूर फिरू लागतो. तो आपल्याच बाजूचा आहे म्हणून त्याला हात लावू नये, असे मला वाटत नाही. उलट आपल्या बाजूचा म्हणूनच तो आधी तपासला पाहिजे. समोरच्याने अहवाल उघडून दाखवला तर बोलायला तोंड उरणार नाही.

पडताळणीच्या लेखात मूळ मजकूर जसाच्या तसा, पहिल्याच परिच्छेदात द्यावा लागतो. आपण तो आपल्या शब्दांत सांगितला की घोटाळा होतो. समजा मी ‘आयोगाने २६४ गावांची शिफारस केल्याचा दावा’ असे लिहिले असते, तर दावा खरा ठरला असता. मूळ मजकुरात ‘शिफारस’ नाही, ‘दिली’ आहे आणि ‘निकाल’ आहे. सगळा प्रश्न त्या दोन शब्दांचाच आहे. मजकुरासोबत चित्र असेल तर त्यावर आडवा शिक्का मारूनच ते छापायचे, नाहीतर आपल्याच लेखातून कापून ते पुन्हा फिरते.

मग मजकुराचे तुकडे करायचे. इथे तीन विधाने तपासता येतात: आकडा, निकाल आणि अंमलबजावणी. ‘एवढीच मागणी असली पाहिजे’ हे मत आहे. मताला खरे-खोटे ठरवता येत नाही. पण ते ज्या माहितीवर उभे आहे, ती पुरी दिली आहे की नाही, हे पाहता येते.

आकडा बरोबर आहे. सीमावादासाठी न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांचा आयोग १९६६ साली नेमला गेला आणि १९६७ साली त्याचा अहवाल आला. त्यात २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे आहे, आणि निपाणी, खानापूर, नंदगड त्यांत येतात. पुरावा म्हणून इथे अहवालाचाच आधार द्यावा. तीन वर्तमानपत्रांत एकच आकडा दिसला म्हणून तीन पुरावे होत नाहीत. तिघांनी एकमेकांकडून उचलला असेल तर तो एकच पुरावा.

‘दिली’ आणि ‘निकाल’ मात्र चूक आहे, आणि इथे पुराव्यांची साखळी वाचकासमोर कडी-कडीने मांडावी लागते. पहिली कडी १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा. त्याच्या सातव्या कलमाने चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात घातला. दुसरी कडी संविधानाचे तिसरे कलम. राज्याच्या सीमा बदलायच्या तर संसदेला कायदा करावा लागतो, आणि विधेयक आणण्याआधी राष्ट्रपतींनी ते संबंधित विधानसभांचे मत मागवण्यासाठी पाठवायचे असते. म्हणजे आयोग कितीही मोठ्या न्यायमूर्तींचा असला तरी त्याचे काम शिफारशीपाशी संपते. महाजन हे देशाचे माजी सरन्यायाधीश होते, त्यामुळे ‘निकाल’ हा शब्द लोकांना खरा वाटतो. पण ते तिथे न्यायालय म्हणून बसले नव्हते.

तिसरी कडी मला सगळ्यांत पक्की वाटते: कासरगोड. त्याच अहवालात चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा कासरगोडचा भाग केरळकडून म्हैसूरला द्यावा असे म्हटले होते. कासरगोड आजही केरळात आहे. अहवाल निकाल असता तर तिथे आज कर्नाटकाचा कारभार चालला असता. ही कडी मराठी आणि कन्नड दोन्ही वाचकांना सारखीच पटते. वादाच्या विषयात असाच पुरावा शोधावा, जो कोणत्याही एका बाजूचा नाही.

चौथी कडी न्यायालयाची. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि त्यात ८६५ गावांवर हक्क सांगितला. अहवालानेच निकाल लागला असता तर या दाव्याची गरजच पडली नसती.

अंमलबजावणीचे विधान तर वस्तुस्थितीच्या उलटे आहे. अहवाल नाकारला महाराष्ट्राने. तो अंतिम माना, असे म्हणत आले आहे कर्नाटक. का, ते मजकुराने गाळलेल्या भागात आहे. याच अहवालाने बेळगाव शहरावरचा महाराष्ट्राचा हक्क अमान्य केला, आणि जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागांतली २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत असे सुचवले. बेळगावच्या टिळकवाडीत किंवा शहापुरात बसून ‘महाजन लागू करा’ असा संदेश पुढे पाठवणारा माणूस आपले शहर कर्नाटकात राहावे असे म्हणतो आहे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. मला या मजकुरात सर्वांत जास्त खटकते ते हेच.

निष्कर्ष दोन-तीन वाक्यांत लिहावा आणि त्यात नवी माहिती घालू नये. इथे तो असा: आयोगाने २६४ गावांची शिफारस केली होती, ती गावे दिली नव्हती. त्याच अहवालाने बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले आणि २४७ गावे कर्नाटकाला सुचवली. शिफारशी संसदेने कायद्यात आणल्या नाहीत, आणि अहवाल नाकारला तो महाराष्ट्राने.

आता शेरा. आकडा खरा आहे मग ‘खरे’ का नाही, असे विचारणारे भेटतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून शेऱ्याखाली त्याचे कारण लिहिलेच पाहिजे. शेरा आकड्यांची बेरीज करून देत नाहीत. मजकूर वाचून साधा वाचक काय समजून उठतो, त्यावर तो देतात. ‘खोटे’ म्हणता येत नाही, कारण आयोग, आकडा आणि गावे खरी आहेत. ‘बनावट’ तर नाहीच, कारण कोणताही कागद किंवा फोटो फेरफार केलेला नाही. ‘अर्धसत्य’ म्हटले तर उरलेले अर्धे फक्त राहून गेले असे वाटेल. इथे राहिलेला भाग वाचकाला उलट्या दिशेला नेतो. खऱ्या तपशिलांतून चुकीचा अर्थ निघतो, म्हणून ‘दिशाभूल करणारे’.

हा शेरा कशाने बदलला असता, तेही एका ओळीत लिहावे. ‘दिली’ऐवजी ‘शिफारस केली’ असते आणि अंमलबजावणीचे वाक्य नसते, तर ‘खरे, पण संदर्भ अपुरा’. गावांच्या यादीत बेळगाव शहर घुसडले असते, तर सरळ ‘खोटे’.

सीमाभागावर अन्याय झाला की नाही, यावर हा शेरा काहीच सांगत नाही. तो प्रश्न न्यायालयासमोर आहे, आणि त्यावर माझे ठाम मत आहे. पण ते या लेखाच्या शेऱ्यात मिसळले तर पुढच्या वेळी कन्नड ग्रुपवरचा खोटा मजकूर मी खोडला, तरी कुणी विश्वास ठेवणार नाही. उद्या न्यायालयाचा निकाल आला किंवा संसदेने कायदा केला, तर लेखाच्या माथ्यावर तारखेसह दुरुस्ती येईल आणि जुना शेरा खोडून न टाकता तिथेच दिसत राहील.